आधी सांगायचं वाक्य

३० जून १९८६

खात्याला रोजची दैनंदिनी द्यावी लागते. त्यात गृहभेटी, रक्तनमुने, लसी, गरोदर बाया. महिन्याच्या शेवटी पर्यवेक्षिकाबाई येऊन तिच्यावर तांबड्या शाईने खूण करतात. त्यांनी खूण करू नये असं काही असलं तर ते या वहीत लिहायचं ठरवलं आहे. किती दिवस टिकतं बघू.

कोसमटोल्याच्या उपकेंद्रात येऊन चार महिने झाले. आधी अहेरीकडे होते. बदली मीच मागून घेतली. गावात सगळे शिष्टरबाई म्हणतात, वच्छला अलोने हे नाव फक्त पगारपत्रकावर उरलं आहे. घरात मी आणि मित्रा. शाळेत तिचं नाव संघमित्रा. यंदा चौथीत गेली. अभ्यासात बरी, गणितात तर माझ्यापेक्षा बरी, पण शाळा उघडल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणते.

जंताचं औषध दिलं. मलेरियाचा रक्तनमुनाही घेतला. गावाला मोफत आहे तर घरच्यांनी का सोडावं.

५ जुलै

रक्तात काही नाही. जंतही पडले नाहीत. पोट मात्र दुखतंच.

मी नीट लक्ष ठेवलं. वेणी घालायला बसवली की दुखणं सुरू होतं, दुपारपर्यंत जातं. रविवारी अजिबात नव्हतं. रविवारी सुट्टी घेणारा आजार मी नोकरीत अजून पाहिलेला नाही. तेव्हा हे सोंग असावं असं धरून आज सरळ हात धरून शाळेत सोडून आले. हात थंड होता आणि घामेजलेला. सोंगात घाम येत नाही, हे परत येताना वाटेत आठवलं.

एक चांगली सवय मात्र तिला लागली आहे. रोज सकाळी विचारते, "आई, आज कोन्या गावले जातं? कोन्या रस्त्यानं? वापस कोन्या रस्त्यानं येशीन?" मी सगळं सांगते. नाल्यावरून की पांदीने, सायकल की पायी. सांगितलेला रस्ता चुकला तर रात्री जेवताना धुसफुसते. भूगोल पक्का होतो आहे म्हणायचा.

९ जुलै

आज केसरबाई तिला घरी घेऊन आली. केसरबाई शाळेत झाडलोट करते आणि पाणी भरते. मी लसीची पेटी भरत होते. मित्राचा फ्रॉक ओकारीने भरलेला.

"हजेरी झाली का हिचं सुरू होते जी शिष्टरबाई," केसरबाई म्हणाली. "नाव घेतलं का बोलतच नाई. ओठ पांढरे पडतेत. गुरुजीले वाटलं पोरगी मस्तीत आहे. दोन दिवस उभी ठेवली."

"हजर म्हणायला काय होतं?" मी मित्राला विचारलं.

तिने खांदे उडवले. चुलीजवळ जाऊन बसली. मी कामाला गेले नाही. तासाभरात तिने भाकर मागून खाल्ली आणि सागरगोट्या खेळत बसली.

बोरकुटे गुरुजी नावं संपूर्ण घेतात. मुलाचं, बापाचं, आडनाव. संघमित्रा खुशाल अलोने. नाव तसं लांबलचक आहे, पण त्यात ओकण्यासारखं काही नाही.

१२ जुलै

मासिक सभेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. सभा संपल्यावर नव्या डॉक्टरांना मित्राचं सांगितलं. हे डॉक्टर चंद्रपूरचे. वयाने लहान, पण ऐकून घेतात. दुखणं कधी येतं, कधी जातं, झोप कशी, जेवण कसं, सगळं विचारलं.

"घरी काही घडलं?"

"वडील नाहीत तिचे. मागच्या वर्षी मार्चात गेले. बांबूच्या ट्रकवर मुन्शी होते, ट्रक उलटला."

"तिला कसं कळलं?"

"शाळेतच. मी दौऱ्यावर होते. डेपोचा चौकीदार आधी शाळेत गेला. तिथल्या मास्तरांनी वर्गातून हाक मारून सांगितलं, दप्तर घे, घरी जा."

डॉक्टर काहीतरी विचारणार होते, पण तेवढ्यात लसीचा बर्फ घेऊन जीप आली आणि आम्ही सगळ्या तिकडे धावलो. बर्फ थांबत नाही. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं: पोटात आजार नाही, पण दुखणं खोटंही नाही. भीतीने पोट खरंच दुखतं, ओकारीही खरीच होते. घरी ठेवू नका. घरी राहिली की त्या दिवसापुरतं बरं वाटेल, पण भीती वाढेल. रोज पाठवायचंच, चढउतार होतील. शिक्षकांना विश्वासात घ्या. दाराजवळ बसवू द्या, अवचित उभं करू नका म्हणा, शिक्षा नको. त्रास झाला तर जरा बाहेर बसून परत वर्गात. घरी परत पाठवायचं नाही. आणि चार पोरांसमोर चर्चा नको. तोंडी सांगू नका, लिहून द्या, म्हणजे घाईत अर्धं ऐकलं असं होत नाही.

भीती कशाची, ते राहिलंच. गणिताची नक्की नाही. गुरुजींचीच असेल. त्यांच्या मिशा दांडग्या आहेत.

१३ जुलै

आज चिठ्ठी लिहिली. वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. पहिल्यांदा लिहिली ती वाचून मलाच राग आला, गुरुजींना समज दिल्यासारखी झाली होती. दुसरी इतकी गयावया करणारी की फाडूनच टाकली. "माझी मुलगी घाबरते" असं लिहिलं होतं, ते खोडलं. साप चावलेल्या माणसाचा पाय धरून बसणारी बाई मी, माझी मुलगी हजेरीला घाबरते हे गावभर कशाला? खुशालचंही लिहिलं नाही. इथे कोणाला ते माहीत नाही. विचारलंच तर मी "आलापल्लीकडे असतात" म्हणते. त्याची माती तिकडेच झाली, तेव्हा ते खोटंही नाही.

शेवटी लिहिलं ते असं:

"मा. वर्गशिक्षक, इयत्ता चौथी, यांस. माझी मुलगी कु. संघमित्रा हिची प्रकृती सध्या नाजूक आहे. डॉक्टरांना दाखविले आहे. त्यांच्या सल्ल्यानुसार तिला दाराजवळ बसवावे. सर्वांपुढे उभे करू नये. त्रास झाल्यास थोडा वेळ वर्गाबाहेर बसू द्यावे. या बाबतीत इतर मुलांसमोर वाच्यता करू नये, ही विनंती. आपण समजून घ्यालच. आपली, व. खु. अलोने."

घरात कोरा कागद नव्हता. उपकेंद्रात रुग्ण पाठवायच्या चिठ्ठ्या असतात, त्यातली एक घेतली. वर आरोग्य खात्याचं नाव छापलेलं होतंच, खाली उपकेंद्राचा शिक्काही मारला. शिक्का असला की माणसं लक्ष देऊन वाचतात, हा माझा अनुभव आहे.

१७ जुलै

चिठ्ठीचा गुण आला. तिला दाराजवळ बसवलं आहे. उभं करत नाहीत. हजेरीत तिचं नावच घेत नाहीत, नुसती खूण करतात म्हणे. तीन दिवस ओकारी नाही. मी डॉक्टरांचे आणि गुरुजींचे मनातल्या मनात आभार मानले, थोडे स्वतःचेही.

"तिथून रस्ता दिसते," मित्रा म्हणाली. "तू सायकलनं येतं तं दिसशीन."

"येगळी पट्टी देल्ली मले बसाले," असंही म्हणाली. बोरकुटे गुरुजींना मी उगाच मिशांवरून जोखलं.

२२ जुलै

आज रागात लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

संध्याकाळी मित्रा पाण्याच्या माठाशी उभी राहून दोन्ही हातांची ओंजळ करून म्हणाली, "आई, वाढ."

"म्हणजे?"

"शाळेत तसंच पितो ना मी. केसरबाई वरून वाढते. मले गिलास नाई."

"बाकीच्यांना?"

"त्याइले आहे."

मी तिला पेला भरून दिला आणि समोर बसवून प्यायला लावलं. माझी आजी पाटलाच्या विहिरीवर अशीच ओंजळ करून उभी राहायची. मी लहानपणी ऐकलं आहे, पाहिलं नाही. छपन्न साली आमच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली ती माझ्या मुलीने चौथीत ओंजळ धरावी म्हणून नाही. उद्या शाळेत जाणार. पोलीस पाटलालाही बरोबर नेणार होते, पण आधी एकटीनेच जाते. माझं तोंड सुटलं की साक्षीदार नको.

२३ जुलै

गेले. मधली सुट्टी होती. गुरुजी खुर्चीत बसून डबा खात होते. मी उंबऱ्यावरूनच सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण कायदा, कलम, जिल्हा परिषद आणि बाबासाहेब एवढे सगळे त्यात आले. पोरं गोळा झाली. केसरबाई हातात झाडू घेऊन भिंतीला टेकून उभी.

गुरुजींनी डबा बंद केला. माणूस घाबरला होता. पोरांना हाकललं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जातीचं नाई जी बाई. आईशप्पथ नाई. मी कुणबी असलो तरी त्यातला नाई."

"मग ओंजळ कशाची?"

"तुमीच तं लिहून देल्लं."

त्यांनी टेबलाच्या खणातून माझी चिठ्ठी काढली. घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. कागद धरला तोही दोन बोटांनी.

"दवाखान्याचा छापा आहे. शिक्का आहे. दाराजवळ बसवा, बाहेर बसू द्या, कोणाजवळ बोलू नका. मांगच्या सालीच ते कुष्ठवाले साहेब शाळेत आले होते. पोट्ट्यांच्या पाठीवरचे चट्टे पाहून गेले. असाच कागद देल्ला होता एका पोराचा त्याइनं. तुमी नर्स, पोरीचं नाव तुमी कायले सांगान? मी समजून गेलो. तुमीच लिहिलं ना, समजून घ्यालच."

मी चिठ्ठी हातात घेऊन वाचली. दुसऱ्याच कोणाची असावी तशी वाचली. त्यात भीती हा शब्दच नव्हता. पोरीला काय होतं हे कुठेच नव्हतं. महारोगाच्या पोराला लपवताना आई जे जे लिहील ते सगळं मात्र होतं.

"कोणाला सांगितलं तुम्ही?"

"कोणाले नाई. फक्त केसरबाईले, पान्यापायी."

केसरबाईला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. गेल्या आठवड्यात पोरांना लस टोचून घ्यायला बाया का कमी आल्या, तेही कळलं.

राग तयार होता, पण तो ठेवायला जागा राहिली नाही. मग मी नर्स झाले, ते मला जमतं. त्यांना सांगितलं, मुलीला काही नाही, एकही चट्टा नाही. आणि असता तरी वेगळा पेला आणि वेगळी पट्टी लागत नाही. आता गोळ्या निघाल्या आहेत. त्या सुरू झाल्या की पोरगं चारचौघांत बसून शिकू शकतं. त्या मागच्या सालच्या पोराचं काय केलंत?

गुरुजींनी सांगितलं: तो पोरगा शाळा सोडून गेला आहे.

येताना मनात आलं, ओंजळ जातीची असती तर मी भांडून मोकळी झाले असते. आता ती रोगाची निघाली आणि कागद माझा निघाला. पण ओंजळ धरणाऱ्या पोरीला दोन्हीत काय फरक पडला? हे मला गुरुजींसमोर सुचायला हवं होतं.

२४ जुलै

दुसरी चिठ्ठी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. "माझी मुलगी घाबरते" एवढं लिहिलं. कशाला, ते मला माहीत नाही. मुलीची आई मी, आणि रोगाचं नावच ठाऊक नाही.

मित्रा तांदूळ निवडत होती. मीही सूप घेऊन शेजारी बसले. तोंडाकडे पाहून विचारलं की ती गप्प होते, म्हणून सुपाकडे पाहूनच विचारलं.

"गुरुजींची भीती वाटते?"

"नाई."

"पोरं चिडवतात?"

"थोडे थोडे. त्याचं काई नाई."

"मग हजेरीत काय होतं?"

तिने दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "नाव घेतलं का मले वाटते, आता म्हणतीन."

"काय म्हणतील?"

"दप्तर घे, घरी जा."

मी सूप खाली ठेवलं.

"त्या दिवशी मास्तरनं असंच पुरं नाव घेतलं होतं," ती म्हणाली. "संघमित्रा खुशाल अलोने. मले वाटलं हजेरी आहे. मी हजर म्हटलं. सारे हासले." मग तांदूळ पुढे सारत, "आता तूच राह्यली ना. म्हणून रस्ता इचारतो मी."

मी तिला भूगोल शिकवत होते.

२५ जुलै

कोरा कागद मित्राच्या वहीतून घेतला. मधलं जोडपान काढलं, टाचण्या वाकवून. शिक्का घेतला नाही. तिला आधी विचारलं, गुरुजींना बाबांचं सांगू का? ती म्हणाली, "सांग. पन पोट्ट्याइले नको." तिला विचारल्याशिवाय लिहायला नको होतं, हे मागच्या खेपेला माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

जसं लिहिलं तसं उतरवून ठेवते:

"गुरुजींना नमस्कार. ही चिठ्ठी नर्सची नाही, मित्राच्या आईची आहे.

मित्राला कोणताही रोग नाही. तिला भीती वाटते. मागच्या वर्षी तिचे वडील अपघातात गेले. ती शाळेत असताना निरोप आला आणि गुरुजींनी तिचं पूर्ण नाव घेऊन घरी जायला सांगितलं. तेव्हापासून वर्गात नाव घेतलं की तिला वाटतं, आता माझ्यासाठी तसाच निरोप आला. त्याने तिचं पोट दुखतं, ओठ पांढरे पडतात, आवाज निघत नाही. हा उर्मटपणा नाही आणि सोंगही नाही. ते तिच्या हातात नाही.

मी तिला रोज पाठवीन. पाऊस असो, पोट दुखो. तिला घरी परत पाठवू नका. त्रास झाला तर माठाजवळ जरा बसू द्या, पाणी द्या, मग वर्गात घ्या. तिला माया दाखवायला चार पोरांसमोर जवळ घेऊ नका, तिला लाज वाटते. वेगळी बसवू नका. मुलींमध्येच बसवा, पण रस्ता दिसेल अशा ठिकाणी. हजेरीचं काय करावं ते तुम्हीच ठरवा, वर्ग तुमचा आहे. ती गणितात हुशार आहे. तिथे तिला सूट नको, गणित घातलं की ती बाकी सगळं विसरते.

आणि एक विनंती. माझं काम असं आहे की कधी नाल्यापलीकडे अडकले तर निरोप शाळेतच येईल. तेव्हा दारातून तिचं नाव घेऊन हाक मारू नका. तिच्याजवळ जा, खाली बसा, आणि सगळ्यात आधी एवढंच सांगा: आई बरी आहे. बाकी सगळं त्यानंतर.

मागच्या चिठ्ठीत मी हे काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून तुमचा गैरसमज झाला. तुमचा वेळ घेतला. आभारी आहे. वच्छला अलोने."

वाचून पाहिलं. लांब झाली आहे, पण या वेळी तिच्यात मुलगी आहे.

२८ जुलै

गुरुजी संध्याकाळी स्वतः उपकेंद्रात आले. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, मले असं कोनी लिहून देल्लं नाई आजवर," म्हणाले. "पोट्टे मुकाट बसले का आमी त्याइले शाहाणे म्हनतो, नाईतर मठ्ठ. भेत असन असं कोनाच्या ध्यानात येते?"

मग वही काढून त्यांनी बेत सांगितला. उद्यापासून साऱ्या वर्गाची हजेरी नंबराने घेतील. एकट्या मित्राची घेतली तर ती उठून दिसेल. तोंडाने हजर म्हणवलं नाही तर हात वर केला तरी चालेल. तिची जागा खिडकीकडच्या मुलींच्या रांगेत, धुरपताच्या शेजारी. आणि सकाळी आल्या आल्या खडू आणि डस्टर आणायचं काम तिचं. "हाताले काम असलं का पोटाकडं ध्यान जात नाई," ते म्हणाले. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

"आणि पेला?" मी विचारलं.

"आज दुपारीच झालं ते." टोपी फिरवत म्हणाले, "ती पेली त्याच गिलासानं साऱ्याइच्या समोर मी पानी पेलो. केसरबाईलेबी पाजलं."

जाता जाता म्हणाले, त्या मागच्या सालच्या पोराच्या घरी रविवारी जाऊन येतो, तुम्ही येता का. मी हो म्हटलं.

७ ऑगस्ट

आज पुन्हा ओकली. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी कोणाला तरी पूर्ण नावाने हाक मारली, ती हिला ऐकू आली. मला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात. पण केसरबाईने तिला घरी आणलं नाही. माठाजवळ बसवलं, तोंड धुतलं. अर्ध्या तासाने ती आपली आपणच उठून वर्गात गेली आणि भागाकार केले. डॉक्टर म्हणाले होतेच, चढउतार होतील, उताराला घाबरायचं नाही.

पोरांना लस टोचून घ्यायला आज बऱ्याच बाया आल्या. केसरबाईच गोळा करून घेऊन आली. पसरवलेलं तिने आता उलट दिशेने पसरवायला घेतलं आहे, आणि त्यात ती तरबेज आहे.

१९ ऑगस्ट

काल नाल्याला पूर होता. पलीकडे अडकले. बाळंतीण बरी, बाळ बरं, पण मी इकडे येऊ शकेना. आज सकाळी पाणी ओसरायच्या आत पोस्टमनने वरच्या पुलावरून येऊन शाळेत निरोप दिला. रात्री मित्रा बायनाबाईकडे झोपली होती, ती आमची गावची दाई. दुपारी मी पोचले तेव्हा वर्ग चालू होता. मी खिडकीतून पाहिलं आणि निघून आले.

संध्याकाळी मित्राने सांगितलं. "गुरुजी आले, मांडी घालून खाली बसले. पोट्ट्याइच्या पायाच्या चिखलानं त्याइचं धोतर भरलं. म्हणाले, आई बरी आहे. मंग म्हणाले, नाल्याले पूर आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काई नाई. मी म्हटलं, हो जी. मंग पुढचं गणित सोडवलं."

आज सकाळी तिने रस्ता विचारला नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. मी घरी नव्हतेच, विचारणार कोणाला? पण उद्या बघू.

४ सप्टेंबर

आज माझा नंबर लागला.

दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर रक्तनमुन्यांच्या काचा पुसत बसले होते. फाटकातून केसरबाई येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, भरभर येत होती. शाळेच्या वेळी केसरबाई कधी इकडे येत नाही. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि माझ्या हातातली काच खाली पडली. पोट असं आवळून आलं की मला वाटलं आता ओकारी होणार. दीड वर्ष मी हेच करत होते. फाटक वाजलं की, जीप थांबली की, कोणी "शिष्टरबाई" म्हटलं की, पोटात हेच होत होतं. मी त्याला आम्लपित्त म्हणत होते आणि रोज सोड्याची गोळी खात होते.

केसरबाईने फाटकातून हाक मारली नाही. जवळ आली, धापा टाकत ओट्यावर टेकली, माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरगी बरी आहे."

मग श्वास घेऊन, "पडली. कपाळ फुटलं थोडंसं. खेळत होती."

मी खाली पडलेली काच उचलून ओट्यावर ठेवली.

"गुरुजीनं बजावलं," ती म्हणाली. "धावत जाजो, पन कल्ला करजो नको. पयले हेच सांगजो. चिठ्ठीत लिहिलं तेच. आईलेबी तसंच सांगावं लागते म्हणाले."

खुशाल गेला तेव्हा मी रडले नव्हते. करायची कामं खूप होती आणि मुलगी समोर होती. आज केसरबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले, मोठ्याने. दोन बाया बाळांना घेऊन लसीला आल्या होत्या, त्या फाटकातच थांबल्या. केसरबाईने त्यांना हाताने खूण केली, बसा म्हणून. त्या बसल्या.

मग तोंड धुऊन, पेटी घेऊन शाळेत गेले. मित्रा माठाजवळ बसली होती, कपाळावर गुरुजींचा रुमाल दाबून. टाका लागला नाही, पट्टीवर भागलं. माझे लाल डोळे तिने पाहिले. मी काही विचारायच्या आधी ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या पदराचं टोक धरून, अगदी गुरुजींसारखं सावकाश म्हणाली, "आई, मी बरी आहो."

खात्याच्या दैनंदिनीत लिहिलं: किरकोळ जखम, एक, मलमपट्टी केली.